इतिहासाच्या पेपरातला कोरा नकाशा : दांडी, बारडोली, खेडा, अजिंठा नेमके कुठे मांडायचे?

जळगाव / धुळे : अमळनेर तालुक्यातल्या एका गावची मुलगी. बारावी, कला शाखा, शाळा सीबीएसईची. सराव परीक्षेत इतिहासाचा पेपर चांगला गेला, पण नकाशाच्या पाच गुणांपैकी तीन गेले. दांडी तिने सौराष्ट्राच्या टोकाला, समुद्रकाठी मांडली होती. बारडोली गुजरातच्या मध्यभागी. अजिंठा मराठवाड्याच्या पोटात. तिन्ही ठिकाणांची नावं सुवाच्य, स्पेलिंग बरोबर, ठिपके मात्र तिन्ही चुकलेले.

बापाने नकाशा हातात घेतला. त्याला नकाशा वाचायची सवय नाही, पण ताप्ती लाईनने सुरतला जाऊन-येऊन त्याची अर्धी उमर गेली. बारडोलीचा ठिपका बघून तो म्हणाला, "बारडोली? ती त उधनाना पहिले लागस!"

तो बरोबर होता. भुसावळ, जळगाव, अमळनेर, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली, मग उधना आणि सुरत, असाच त्या लाईनीचा क्रम आहे. खान्देशातल्या हजारो घरांना हा क्रम पाठ आहे. तो कागदावर कसा उतरवायचा, एवढंच पोरांना कोणी दाखवत नाही.

सीबीएसईच्या बारावी इतिहासात 80 गुणांच्या लेखी पेपरात नकाशाला 5 गुण असतात. त्यातले तीन ठिकाणं स्वतः दाखवून नाव लिहायचे, आणि दोन आधीच छापलेल्या ठिपक्यांची नावं ओळखायचे. दहावीच्या सामाजिक शास्त्रात इतिहासाच्या वाट्याला नकाशाचे 2 गुण येतात. तिथे ठिपका छापलेला असतो, सोबत एका ओळीची खूण दिलेली असते आणि नाव लिहायचं असतं. कोणती ठिकाणं विचारली जाऊ शकतात याची यादी मंडळ अभ्यासक्रमातच देतं. ती cbseacademic.nic.in वर त्या-त्या वर्षाच्या अभ्यासक्रमात बघावी, गेल्या वर्षीच्या गाईडवर विसंबू नये. राज्य मंडळाच्या दहावीच्या पोरांना असा कोरा नकाशा भूगोलाच्या पेपरात भरावा लागतो, त्यामुळे खालची पद्धत त्यांनाही चालेल.

आधी नकाशाचं माप काढा

परीक्षेत मिळणाऱ्या आराखडा नकाशावर शहरं नसतात. असतो फक्त देशाचा आकार, समुद्रकिनारा आणि राज्यांच्या हद्दी. म्हणजे ठिकाण शोधायचं ते किनारा आणि हद्दी यांच्याच आधाराने. "साधारण इथे कुठेतरी" म्हणून ठिपका टाकला की तो किती चुकतो, हे एकदा मोजून बघितलं तर पोरं सावध होतात.

भारताची उत्तर-दक्षिण लांबी 3214 किलोमीटर. नकाशावर काश्मीरच्या वरच्या टोकापासून कन्याकुमारीपर्यंत पट्टी लावा. समजा 16 सेंटिमीटर भरले. मग 1 सेंटिमीटर म्हणजे जवळपास 200 किलोमीटर आणि 1 मिलिमीटर म्हणजे 20 किलोमीटर. नकाशा लहान-मोठा असेल तर आकडा बदलेल, पण शाळेत सरावाला मिळणाऱ्या कागदावर हे एकदा काढून ठेवलं की अंदाज पक्का बसतो. या लेखातली पुढची सगळी मापं 16 सेंटिमीटरच्या नकाशाची आहेत आणि ती ढोबळ आहेत.

आता जाड बॉलपेनने टाकलेला ठिपका बघा. तो सहज 2 मिलिमीटरचा होतो. म्हणजे 40 किलोमीटर. अमळनेरहून धुळ्यापर्यंतचा सगळा मुलूख त्या एका ठिपक्याखाली झाकला जातो. अमृतसर आणि लाहोर यांच्यात सरळ अंतर 50 किलोमीटरच्या आसपास आहे, आणि मधून देशाची सीमा जाते. जाड ठिपक्याने अमृतसर सीमेच्या रेषेवर चढतं. म्हणून टोक केलेली पेन्सिल हवी आणि ठिपका 1 मिलिमीटरच्या आतला हवा.

गुजरातची चार गावं

राष्ट्रीय चळवळीच्या यादीत गुजरातची चार ठिकाणं आहेत : अहमदाबाद, खेडा, बारडोली, दांडी. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, कारण चारही एका अरुंद पट्ट्यात आहेत. हा पट्टा खंभातच्या आखाताच्या उजव्या अंगाला आहे. सौराष्ट्र आणि मुख्य गुजरात यांच्यामध्ये समुद्र जी जीभ घालून वर चढतो, तेच खंभातचं आखात. नकाशावर ते चटकन दिसतं. पहिलं बोट तिथेच ठेवावं.

सुरुवात दांडीपासून करू. ज्या पोरांना दांडी "गुजरातच्या समुद्रकिनाऱ्यावर" एवढंच माहीत असतं, ती सौराष्ट्राला जातात, कारण गुजरातचा किनारा म्हटलं की नजर त्या मोठ्या फुगलेल्या भागाकडेच जाते. गांधीजींचा जन्म पोरबंदरचा, हेही डोक्यात असतं. पण दांडी दक्षिण गुजरातेत, नवसारीजवळ आहे. नकाशावर महाराष्ट्राचा किनारा संपून गुजरातचा जिथे सुरू होतो तो सांधा शोधा. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने 4 ते 5 मिलिमीटर वर जा. तिथे, किनाऱ्याच्या रेषेला चिकटून, दांडी. ठिपका समुद्रात पडता कामा नये आणि जमिनीत फार आतही जाता कामा नये.

हे बरोबर आलं का, याची खान्देशी खूण सोपी आहे. दांडी आणि धुळे जवळजवळ एकाच रेषेत, एकाच उंचीवर आहेत. दोघांचे अक्षांश 20.9 च्या आसपास. धुळ्याहून पश्चिमेला सरळ पट्टी धरली तर 200 किलोमीटरच्या थोडं पुढे, म्हणजे नकाशावर 1 सेंटिमीटरला, दांडीचा किनारा लागतो.

बारडोली तिथून उत्तर-पूर्वेला, सरळ रेषेत 40 किलोमीटर. म्हणजे दांडीच्या ठिपक्यापासून वर आणि थोडं उजवीकडे फक्त 2 मिलिमीटर. ही मात्र किनाऱ्यावर नाही, आत जमिनीत आहे. दोन्ही ठिकाणं एकाच नकाशावर मागितली तर ठिपके जवळ येणारच. जवळ आले म्हणून पोरं घाबरतात आणि बारडोली उचलून बडोद्याकडे सरकवतात. सरकवायची नाही. 1928 चा शेतसाऱ्याचा सत्याग्रह सुरत जिल्ह्यातल्या बारडोली तालुक्यातच झाला, आणि 1930 ची दांडी यात्रा संपली तीही त्याच टापूत.

अहमदाबादसाठी आखाताच्या वरच्या टोकाला जा. आखात जिथे निमुळतं होऊन संपतं, तिथून 4 मिलिमीटर वर अहमदाबाद. पोरांनी कर्कवृत्ताची रेघ पेन्सिलने हलकी आखून घेतलेली असेल, तर अहमदाबाद तिच्या खाली अडीच मिलिमीटरला येतं, वर नाही. दांडी यात्रेचा रस्ता आठवला तरी पडताळा होतो. 12 मार्च 1930 रोजी साबरमती आश्रमातून निघालेली यात्रा 5 एप्रिलला दांडीला पोचली आणि 6 एप्रिलला मीठ उचललं गेलं. ती दक्षिणेकडे, आखाताच्या उजव्या काठाने खाली आली. नकाशावर अहमदाबादहून जवळजवळ सरळ खाली 12 मिलिमीटरला दांडी हवी. ती डावीकडे पाण्यापलीकडे दिसत असेल तर चुकलीच म्हणून समजा.

राहिलं खेडा. अहमदाबादच्या खाली किंचित उजवीकडे दीड-दोन मिलिमीटर, बस्स. 1918 साली दोन्हीकडे सत्याग्रह झाला. अहमदाबादला गिरणी कामगारांचा, खेड्याला पीक बुडालेल्या शेतकऱ्यांचा. दहावीच्या पेपरात जेव्हा छापील ठिपका ओळखायचा असतो, तेव्हा या दोघांत नुसत्या ठिपक्यावरून फरक करायला जाऊ नये. दोन मिलिमीटरचा भेद परीक्षेच्या घाईत दिसत नाही. शेजारी दिलेली ओळ वाचावी. शेतकरी म्हटलं असेल तर खेडा, गिरणी म्हटलं असेल तर अहमदाबाद.

घराजवळचा अजिंठा

आता सगळ्यात गमतीची चूक. खान्देशातल्या जवळपास प्रत्येक शाळेची सहल अजिंठ्याला गेलेली असते. तरी बारावीच्या बौद्ध स्थळांच्या यादीतला अजिंठा इथलीच पोरं चुकवतात.

कारण साधं आहे. लेणी आहेत सोयगाव तालुक्यात, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. "जिल्हा संभाजीनगर" हे पाठ असतं, म्हणून ठिपका मराठवाड्याच्या मधोमध जातो. दुसरं म्हणजे अजिंठा-वेरूळ ही जोडी तोंडात इतकी बसली आहे की दोन्ही एकाच जागी असल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात वेरूळ तिथून नैर्ऋत्येला सरळ 80 किलोमीटर आहे, नकाशावर 4 मिलिमीटर.

अजिंठा घाटाच्या उत्तर कडेला आहे, खान्देशाच्या अंगाला. लेण्यांच्या नालाकृती वळणातून वाहणारी वाघूर खाली उतरून जळगाव जिल्ह्यात येते आणि तापीला मिळते. जळगाव शहर जे वाघूर धरणाचं पाणी पितं, ते त्या डोंगरातून येतं. एवढं लक्षात ठेवलं तर ठिपका मराठवाड्यात खोल जाणार नाही. जळगावहून सडकेने लेणी साठेक किलोमीटर, म्हणजे नकाशावर जेमतेम 3 मिलिमीटर.

पण कोऱ्या नकाशावर जळगावही नसतं, मग काय धरायचं? बुऱ्हाणपूर. मध्य प्रदेशची हद्द तिथे खाली महाराष्ट्रात घुसल्यासारखी उतरते. तो खाली आलेला कोपरा नकाशावर ओळखू येतो. त्या कोपऱ्यापासून साधारण 3 मिलिमीटर खाली आणि 3 मिलिमीटरला थोडं जास्त डावीकडे अजिंठा. दुसऱ्या बाजूने पडताळा घ्यायचा तर दमणचा किनारा धरावा. दमण आणि अजिंठा जवळपास एकाच उंचीवर आहेत, मध्ये 300 किलोमीटर. म्हणजे दमणच्या किनाऱ्यापासून उजवीकडे दीड सेंटिमीटर. दोन बाजूंनी काढलेली खूण एकाच जागी आली की ठिपका टाकायचा. एकाच खुणेवर विसंबलं तर घोळ होतो, कारण हद्दीचा कोपरा कधी कधी छपाईत पुसट असतो.

त्या अमळनेरच्या मुलीला हेच करायला लावलं तेव्हा तिचा जुना ठिपका आणि नवा ठिपका यांच्यात 9 मिलिमीटर निघाले. म्हणजे पावणेदोनशे-एकशेऐंशी किलोमीटर. जिथे तिची सहल दोन तासांत पोचली होती, ते ठिकाण तिने गोदावरीच्या काठी नेऊन ठेवलं होतं.

जाता जाता एक. फैजपूर यादीत का नाही, असं रावेर-यावलकडचे पालक विचारतात. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, पंडित नेहरू अध्यक्ष होते आणि खेडेगावात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. मान मोठा आहे, पण नकाशाच्या यादीत नाव नाही, तेव्हा परीक्षेपुरतं त्याच्या मागे लागू नये.

सरळ रेघेचा आधार आणि त्याची मर्यादा

वर धुळे-दांडीची जोडी सांगितली तशा अजून काही जोड्या खान्देशातून काढता येतात. भुसावळच्या बरोबर उत्तरेला उज्जैन. धुळ्याच्या उत्तरेला आधी अजमेर आणि पार वर अमृतसर. महाजनपदांत उज्जैन आहे, मुघल काळात अजमेर, चळवळीत अमृतसर, म्हणजे तिन्ही यादीतलीच.

मात्र एक खबरदारी. पृथ्वी गोल, कागद सपाट. त्यामुळे भारताच्या नकाशावर पश्चिमेकडच्या उभ्या रेषा वर जाताना किंचित उजवीकडे झुकतात. उज्जैनपर्यंत हा फरक कळत नाही. अमृतसरपर्यंत पोचताना तो 2-3 मिलिमीटर होतो. तेव्हा पट्टी सरळ उभी धरून अमृतसर टाकलं तर ते डावीकडे, सीमेपलीकडे पडेल. लांबच्या ठिकाणाला ही रेघ फक्त दिशा दाखवायला वापरावी आणि ठिपका जवळच्या हद्दीवरून ठरवावा. अमृतसरसाठी पंजाबची पाकिस्तानला लागलेली कड धरायची आणि तिच्या आत, अगदी लागून ठिपका द्यायचा.

असाच हद्दीचा खेळ चंपारण आणि चौरीचौरा यांच्यात आहे. दोन्ही जवळजवळ एकाच उंचीवर आहेत, मधलं अंतर 130 किलोमीटर म्हणजे साडेसहा मिलिमीटर. पण उत्तर प्रदेश-बिहारची हद्द दोघांच्या मधून जाते. चंपारण बिहारच्या वायव्य कोपऱ्यात, नेपाळला लागून. चौरीचौरा उत्तर प्रदेशात, गोरखपूरजवळ. चौरीचौरा बिहारमध्ये गेलं की बाकी कितीही जवळ असो, चूक उघडी पडते. म्हणून ठिपक्याआधी राज्य कोणतं, हे मनात ठरवावं.

फोनवर सराव करताना

गुगल मॅपवर गाव शोधून सराव करणारी पोरं बरीच आहेत. त्यात दोन अडचणी येतात. एक, फोनवर नकाशा मोठा करत गेलं की गावाचे रस्ते दिसतात, पण देशाच्या आकारात ते गाव कुठे बसतं ते हरवतं. म्हणून गाव सापडलं की दोन बोटांनी नकाशा लहान करत अख्खा भारत स्क्रीनवर येऊ द्यावा, आणि मग कागदाशी ताडून बघावं. दोन, नुसतं Kheda टाकलं तर भलतंच गाव उघडू शकतं, त्या नावाची गावं ठिकठिकाणी आहेत. Kheda, Gujarat असं पूर्ण टाकावं.

नकाशावर बोट दाबून धरलं की पिन पडते आणि दोन आकडे मिळतात. ई-पीक पाहणी करणाऱ्यांना अक्षांश-रेखांश नवीन नाहीत, तेच हे. पहिला आकडा उंची सांगतो, दुसरा डावं-उजवं. दांडी 20.9, 72.8. धुळे 20.9, 74.8. पहिला आकडा सारखा म्हणजे उंची सारखी, दुसऱ्यात दोनाचा फरक. आपल्या भागात या दुसऱ्या आकड्यातला एक म्हणजे सुमारे 104 किलोमीटर आणि पहिल्यातला एक म्हणजे 111 किलोमीटर. यादीतल्या ठिकाणांचे असे आकडे वहीत उतरवून ते आपल्या गावाच्या आकड्यांशी ताडले, तर कोणतं गाव आपल्या वर, कोणतं खाली आणि किती लांब, हे घरबसल्या निघतं.

नाव लिहिताना

ठिपका नीट टाकूनही नावामुळे गोंधळ होतो. गुजरातच्या पट्ट्यात चार नावं जमिनीवर लिहायला गेलं तर ती एकमेकांवर चढतात आणि कोणतं नाव कोणत्या ठिपक्याचं ते तपासणाऱ्याला कळत नाही. ठिपक्यापासून बारीक सरळ रेघ अरबी समुद्रात न्यावी आणि नाव तिथे मोकळ्या जागेत, आडवं लिहावं. रेघा एकमेकींना छेदू देऊ नयेत. वरच्या गावाचं नाव वर, खालच्याचं खाली. रेघ ठिपक्याला टेकलेली हवी. मध्येच सुटली तर रेघेचं टोक हाच ठिपका समजला जाण्याचा धोका असतो.

नाव प्रश्नपत्रिकेत जसं आहे तसंच लिहावं. Calcutta विचारलं तर Calcutta. मगध किंवा वऱ्हाड विचारलं तर तो प्रदेश आहे, गाव नव्हे. तिथे एका ठिपक्याऐवजी छोटा भाग हलक्या तिरप्या रेघांनी भरून त्यावर नाव टाकलेलं बरं. चुकलेला ठिपका पूर्ण खोडावा. एकाच नावाला दोन ठिपके राहिले की कोणता खरा, हे तपासणाऱ्याने का ठरवावं? आणि नकाशा उत्तरपत्रिकेला घट्ट बांधला आहे ना, हे पेपर देण्याआधी दोरा ओढून बघावं.

अमळनेरच्या त्या मुलीने महिनाभरात रोज एक याप्रमाणे नकाशे भरले. कोरे कागद तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून आणले होते. बारडोलीसाठी ती आता पट्टी लावत नाही. बाप शेजारी बसून स्टेशनं म्हणतो, नवापूर, व्यारा, आणि तिसऱ्या नावाला ती पेन्सिल टेकवते.